मार्चचं वीजबिल, एप्रिलची नोंद

कारखान्याचं मार्चचं वीजबिल ८ एप्रिलला येतं. म्हणून ३१ मार्चलाच लेखापाल ईआरपीत अंदाजे ४०,००० रुपयांची तरतूद करतो: वीजखर्च नावे, देय खर्च जमा. १ एप्रिलला ही नोंद उलटी पडते. बिल ४२,३०० रुपयांचं आलं, तर एप्रिलवर फक्त २,३०० रुपयांचा फरक येतो.

बँकेचा ताळमेळ लागला, भगिनी कंपन्यांशी येणं-देणं जुळलं (समूहाच्या एकत्रित हिशेबातून ते वगळलं जातं), की मार्चला कुलूप लावायलाच हवं. ते राहिलं आणि कुणी बिल मार्चच्या तारखेनं चढवलं, तर मार्चचा वीजखर्च ८२,३०० होतो. एप्रिलचा मात्र, त्या महिन्याची तरतूद होईपर्यंत, उणे ४०,००० दिसतो. असा उणे आकडा दिसताच आधी बिलाच्या नोंदीची तारीख तपासावी.