गुण वाढले, टक्के घसरले

पुनर्मूल्यांकनाचे निकाल लागले की प्राध्यापकांच्या इनबॉक्समध्ये एका विशिष्ट जातीचे ईमेल येऊ लागतात. "सर, माझे मार्क वाढलेत पण टक्के चुकलेत, प्लीज चेक करा, अर्जंट आहे." खाली नाव असते, कधी तेही नसते. आसन क्रमांक नाही, कोणत्या विषयात किती वाढले ते नाही, टक्के कुठे चुकीचे दिसले तेही नाही. सरांनी त्यावर काय करावे? बहुतेक सर काहीच करत नाहीत.

गंमत अशी की ही तक्रार खरे तर सगळ्यात सहज सुटणारी असते. उत्तराला सहा गुण द्यायचे की आठ, यावर दोन परीक्षकांचे मत वेगळे पडू शकते आणि त्या मतावरच पुनर्मूल्यांकनाची सगळी भांडणे होतात. १९८४ साली महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिका पाहणे नाकारणारे मंडळाचे नियम ग्राह्य धरले होते. पुढे २०११ साली सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात विद्यार्थ्याला पाहता येते, असे ठरवले. हे सारे वाद परीक्षकाच्या पारखण्याभोवतीचे आहेत. टक्केवारीत पारखण्यासारखे काही नसतेच. बेरीज आणि भागाकार. म्हणून हा ईमेल विनवणीचा नको, आकडेमोडीचा हवा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सहा विषय, प्रत्येकी १०० गुणांचे, एकूण ६००, उत्तीर्ण व्हायला प्रत्येक विषयात ४०. एका विद्यार्थिनीला पाच विषयांत ६८, ६१, ६४, ५९ आणि ६० मिळाले, म्हणजे ३१२. सहाव्यात ३७. तीन गुण ग्रेसचे देऊन तिला ४० वर आणले गेले. एकूण ३५२, टक्के ५८.६७. तिने सहाव्या विषयाचे पुनर्मूल्यांकन मागितले आणि गुण ३७ चे ४८ झाले. आता प्रथम श्रेणीचे ६० टक्के हाताशी आले, म्हणून तिने शिष्यवृत्तीसाठी विभागाने केलेली यादी उघडली. तिथे तिच्या नावापुढे ५७.१४ टक्के! गुण अकराने वाढले आणि टक्के दीडाने उतरले.

इथे बऱ्याच जणांना पहिला संशय येतो तो जुनेच गुण राहून गेल्याचा. तसे असते तर आकडा ५८.६७ च राहिला असता. ५७.१४ कुठून आला, ते शोधायची एक साधी खूण आहे. एकूण गुण ६०० असतील तर एक गुण म्हणजे टक्क्याचा सहावा भाग. त्यामुळे पूर्ण गुणांच्या बेरजेवरून काढलेल्या टक्केवारीत दशांशचिन्हानंतर ००, १७, ३३, ५०, ६७ किंवा ८३ एवढेच येऊ शकते. १४ येणे शक्यच नाही. म्हणजे भागाकार ६०० ने झालेलाच नाही. ७०० धरून पाहिले की कोडे सुटते: जुन्या ३५२ मध्ये नवे ४८ मिळवले की ४००, आणि ४०० भागिले ७०० म्हणजे ५७.१४. नवे गुण जुन्यांच्या जागी न भरता सातवा विषय असल्यासारखे शेजारच्या रकान्यात भरले गेले. एक्सेलच्या तक्त्यात सूत्र असे असेल, तर विषय किती ते सूत्र स्वतःच मोजते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही:

```
=SUM(C2:I2)/(COUNT(C2:I2)*100)*100
```

याच सूत्राची उलटी खोडही आहे. बदललेल्या गुणांवर खूण म्हणून कुणी `48*` असे टंकले, तर एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि बेरजेतून वगळते. मग पाचच विषय उरतात, ३१२ भागिले ५००, टक्के ६२.४०. या आकड्याबद्दल तक्रारीचा ईमेल कुणी पाठवत नाही, पण तोही चूकच.

आता विद्यार्थिनीचा स्वतःचा हिशोब पाहू, कारण इथे खरी मेख आहे. तिने ३५२ मध्ये वाढलेले ११ मिळवले, ३६३ केले आणि ६०.५० टक्के काढले. ते बरोबर नाही. ३५२ मध्ये ग्रेसचे तीन गुण आधीच धरलेले होते. विषय आपल्या बळावर सुटल्यावर ग्रेसची गरज संपते आणि ते तीन गुण जातात. खरी वाढ ४० वरून ४८, म्हणजे आठच. ३१२ अधिक ४८, एकूण ३६०, नेमके ६०.०० टक्के. इथे तिची श्रेणी वाचली. पण पुनर्मूल्यांकनात ४८ ऐवजी ४७ मिळाले असते तर तिच्या पद्धतीने ६०.३३ निघाले असते आणि खरे ५९.८३. काही गुणपत्रिकांत ग्रेस विषयापुढे खुणेने दाखवतात पण बेरजेत धरत नाहीत. तिथे फरक अकराचाच येईल. म्हणून गुणपत्रिकेवरील खुणांचा खुलासा वाचावा आणि जुन्या बेरजेत फरक मिळवण्याऐवजी सहाही विषय पहिल्यापासून पुन्हा मांडावेत.

एवढे झाले की ईमेल लिहायला पाच मिनिटे पुरतात. विषयाच्या ओळीत "पुनर्मूल्यांकनानंतरची टक्केवारी तपासण्याबाबत" आणि पुढे आसन क्रमांक. मग:

"आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. मी एम.एस्सी. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी. पुनर्मूल्यांकनात माझ्या सहाव्या विषयाचे गुण ३७ (अधिक ३ ग्रेस) वरून ४८ झाले आहेत. शिष्यवृत्तीच्या यादीत माझी टक्केवारी ५७.१४ दिसते. माझ्या हिशोबाने बेरीज ६८+६१+६४+५९+६०+४८ = ३६०, पैकी ६००, म्हणजे ६०.०० टक्के. जुने ४० आणि नवे ४८ दोन्ही धरून ७०० ने भागले असता ५७.१४ येतात, तसे झाले असावे असे वाटते. ग्रेसचे गुण मी वगळले आहेत. ते योग्य आहे का, हेही कृपया पाहावे. मूळ गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल सोबत जोडला आहे. यादी शुक्रवारी जाणार असल्याने त्याआधी पाहता आले तर उपकृत होईन."

यात "अन्याय" हा शब्द नाही आणि "माझे करिअर" हेही नाही. मॅडमना कपाट उघडावे लागत नाही. सगळे आकडे समोर आहेत आणि चूक कुठे असू शकते तेही. आपला हिशोबही तपासायला दिल्यामुळे बोट फक्त समोरच्यावर रोखलेले राहत नाही. मोबाईलवर वाकडे काढलेले, अर्धी बेरीज कापली गेलेले फोटो मात्र जोडू नयेत. पीडीएफ द्यावी.

प्राध्यापकांचा अधिकार कुठवर, हेही ओळखायला हवे. विभागाची यादी, शिफारसपत्रातला आकडा, प्लेसमेंटसाठी पाठवलेला तक्ता त्या दुरुस्त करू शकतात. छापील गुणपत्रिकेवरचा आकडा बदलणे त्यांच्या हातात नसते. चूक तिथे असेल तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागामार्फत विद्यापीठाकडे अर्ज जातो. अर्जासोबत मूळ गुणपत्रिका परत द्यावी लागू शकते, म्हणून तिची प्रत आधीच काढून ठेवावी. मॅडमना पाठवलेला ईमेल म्हणजे तो अर्ज नव्हे, आणि त्यांनी "बघते" म्हटले म्हणून परीक्षा विभागाची मुदत थांबत नाही.

आपल्या विद्यार्थिनीचे म्हणाल, तर यादीतला आकडा मॅडम दहा मिनिटांत ६०.०० करतील. तिने शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जात आधीच ६०.५० भरून ठेवले असतील, तर ते मात्र तिलाच बदलावे लागतील, आणि कागदपत्र पडताळणीच्या आधी.