जुना टॅब होईल फोटो फ्रेम; रात्री आपोआप झोपेल, सकाळी आपोआप जागेल

वर्धा : शिकवणीसाठी मिळालेला टॅब परीक्षा संपली की कपाटात पडतो. तो भिंतीवर लावून घरातले फोटो एकामागून एक दाखवता येतात. पण दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भरलेली बॅटरी सतत तापली तर फुगते. म्हणून टॅब ठराविक वेळच चालू राहील अशी सोय करायची. त्यासाठी पिनांचा टायमर प्लग लागतो, तो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

आधी टॅबमध्ये वेगळा अल्बम बनवा आणि दाखवायचे तेवढेच फोटो त्यात टाका. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं सगळंच पाहुण्यांसमोर झळकेल. मग Settings मध्ये Display, त्यात Screen saver उघडा. तिथे Photos निवडून आपला अल्बम द्या. When to start मध्ये While charging ठेवा. Screen timeout एक मिनिट करा. आता वीज आली की स्क्रीन उजळते आणि मिनिटभराने फोटो सुरू होतात. वीज गेली की फोटो थांबून स्क्रीन बंद होते.

आता टायमर. त्याच्या चकतीवर २४ तासांच्या ९६ पिना असतात, एक पिन म्हणजे १५ मिनिटं. समजा सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते १० फोटो हवेत. सकाळच्या ८ आणि संध्याकाळच्या १६ पिना दाबा. (काही टायमरमध्ये पिना उलट उचलाव्या लागतात, डब्यावर बघून घ्या.) चकती आत्ताच्या वेळेवर फिरवा, टायमर बोर्डात लावा आणि त्यात टॅबचा चार्जर. असा टॅब दिवसाला ६ तासच चार्ज होतो.

गावात खरी अडचण लाइट जाण्याची. हा टायमर विजेवरच फिरतो. दुपारी दोन तास लाइट गेली तर त्याचं घड्याळ दोन तास मागे पडतं, आणि रात्री १० ला झोपणारा टॅब १२ ला झोपतो. टॅब अवेळी जागा दिसला की आधी चकतीची वेळ बघा. लाइट रोजच जात असेल तर आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, त्याची वेळ चुकत नाही.

काही कंपन्यांच्या टॅबमध्ये Screen saver हा पर्यायच नसतो. तेव्हा झोपण्या-उठण्याची वेळ लावता येणारं फोटो फ्रेमचं अ‍ॅप घ्यावं लागतं. ते टॅबच्याच घड्याळावर चालतं.

टॅबची पाठ उचललेली किंवा स्क्रीन कडेने वर आलेली दिसली तर बॅटरी फुगली समजा. चार्जर लगेच काढा, टॅब दाबू किंवा टोचू नका आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.