जिना चढताना आधी कुठला पाय?

मोडलेल्या घोट्यात प्लेट आणि स्क्रू बसवले, की सर्जन बहुधा बजावतात, ‘पाय टेकवायचा नाही.’ नुसता अंगठा टेकवला तर काय बिघडणार, असं पुष्कळांना वाटतं. पण प्लेटचं काम तुकडे जागेवर धरून ठेवण्याचं. हाड जुळण्याआधी अंगाचा भार पेलण्याचं नाही. भार पडत राहिला, तर स्क्रू सैल होऊ शकतात, हाड सरकू शकतं. हा काळ अनेकदा सहा आठवड्यांचा असतो. कमी-जास्त सर्जनच ठरवतात.

आधी कुबडीची उंची बघा. रोजची पादत्राणं घालून ताठ उभं राहिल्यावर वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवी आणि हात सैल सोडला, की मूठ मनगटापाशी यायला हवी. सगळा भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर लटकायचं नाही. काखेतली नस दाबली गेली, की हाताला मुंग्या येतात, कधी मनगटच उचलेनासं होतं. असं काही जाणवलं, तर कुबड्या बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

सपाटीवर दोन्ही कुबड्या एकदम वीतभर पुढे टेकायच्या. ऑपरेशनचा पाय गुडघ्यात थोडा वाकवून अधांतरी ठेवायचा आणि तळहातांवर रेटा देऊन चांगला पाय कुबड्यांच्या रेषेपर्यंत आणायचा. सुरुवातीला त्यापुढे झेप नको. ओल्या फरशीवर रबरी टोक सरकतं, म्हणून न्हाणीघरात सोबत कुणीतरी हवंच.

खरी परीक्षा जिन्याची. समजा, घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि चढताना कठडा उजव्या हाताला येतो. उजव्या हाताने कठडा धरायचा, एक कुबडी डाव्या काखेत आणि दुसरी सोबतच्या माणसाकडे. दोन्ही हातांवर भार देऊन आधी चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवायचा. त्याच पायाने अंग वर उचललं, की मग कुबडी वर घ्यायची. उतरताना क्रम उलटा. आता कठडा डावीकडे येतो, म्हणून कुबडी उजवीकडे. आधी कुबडी खालच्या पायरीवर, ऑपरेशनचा पाय पुढे अधांतरी, आणि चांगला पाय शेवटी. कारण चढताना अंग उचलणारा आणि उतरताना ते सावकाश खाली सोडणारा पाय एकच आहे, चांगला. सोबतच्या माणसाने दोन्ही वेळा एक-दोन पायऱ्या खालीच थांबावं. चढताना मागे, उतरताना पुढे.

पहिल्यांदा हे घरी जाण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर करून बघा. कठडा डुगडुगत असेल, हात थकले असतील, तर सरळ पायरीवर बसा. पाठ वरच्या बाजूला करून, हात आणि चांगल्या पायाच्या जोरावर एकेक पायरी मागे सरकत चढा. उतरतानाही तसंच बसून. वर पोचल्यावर जमिनीवरून उठणं अवघड जातं, तेव्हा तिथे भिंतीला टेकवून एक भक्कम खुर्ची आधीच ठेवायला सांगा.