मीटरवर आकडा उमटत नाही तेव्हा

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, पहाटे पाच वाजता, मुलाने वडिलांच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीला लावला. पाच सेकंदांनी मीटरच्या पडद्यावर आकडा यायला हवा होता. आली फक्त दोन अक्षरे: HI. त्याने हात पुसून दुसरी पट्टी घातली. पुन्हा HI. बहुतेक घरगुती मीटर ६००च्या वर साखर गेली की मोजणे थांबवतात आणि हीच दोन अक्षरे दाखवतात. वडील ६१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आयुष्यात कधी मधुमेह नव्हता. आठ आठवड्यांपूर्वी फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार सुरू झाले होते.

हे गुरुजी म्हणजे कोणी एक विशिष्ट रुग्ण नव्हेत. अशा रुग्णांच्या बाबतीत जो क्रम पुन्हापुन्हा दिसतो, तो इथे एका माणसाच्या रूपाने मांडला आहे. कारण या गोष्टीत चकवा आहे. कर्करोगाच्या उपचारात साखर दोन अगदी वेगळ्या कारणांनी वाढते आणि पहिल्या कारणाची सवय झालेले घर दुसऱ्याला ओळखत नाही.

गुरुजींना दर २१ दिवसांनी तीन औषधे सलाईनमधून मिळत होती. कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमोथेरपीची, आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे. पेमेट्रेक्सेडने अंगावर पुरळ उठू नये म्हणून आदल्या दिवसापासून तीन दिवस डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतात, दिवसाला ८ मिलिग्रॅम. केमोने उलटी होऊ नये म्हणूनही हेच औषध वापरतात. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे आणि त्याचे ८ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे पन्नासेक मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेत यकृत जादा साखर रक्तात सोडू लागते आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात.

स्टिरॉइडच्या साखरेचा स्वभाव ठरलेला असतो. ती दुपारनंतर आणि रात्री चढते. सकाळी उपाशीपोटी तपासली तर पुष्कळदा बरी दिसते. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत उतरते. पहिल्या डोसनंतर गुरुजींची दुपारची साखर २४० झाली तेव्हा घर घाबरले. डॉक्टरांनी समजावले, जेवणानंतर दोन तासांनी तपासत राहायला सांगितले आणि पाचव्या दिवशी साखर पूर्ववत झाली. दुसऱ्या डोसला तेच झाले. तिसऱ्या वेळी कोणी घाबरले नाही. ‘गोळ्यांमुळे वाढते, उतरेल आपोआप,’ हे वाक्य घरात पाठ झाले होते.

ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांच्या बाबतीत हीच चढण मोठी असते आणि त्या तीन दिवसांपुरते सकाळचे इन्सुलिन द्यावे लागू शकते. उलट धोकाही असतो. केमोनंतर अन्न जात नाही, उलट्या होतात, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीच्या मात्रेत चालू राहते. मग साखर एकदम खाली जाते. म्हणून न जेवण्याच्या दिवसांत कोणते औषध किती घ्यायचे, हे केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे लागते.

गुरुजींचे प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने गेले. तिसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी त्यांना तहान लागू लागली. रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठणे सुरू झाले. अकराव्या दिवशी मळमळ आणि पोटात दुखणे. पत्नी म्हणाली, “अहो, केमोचाच त्रास असेल, थोडं ताक घ्या.” बाराव्या दिवशी पहाटे ते ग्लानीत होते आणि धाप लागल्यासारखा खोल, जलद श्वास घेत होते. तेव्हा मुलाने मीटर काढले.

त्या घरात एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. डेक्सामेथासोन थांबून दहा दिवस झाले होते. आता वाढलेल्या साखरेला गोळ्यांचे कारण उरलेच नव्हते.

रुग्णालयात रक्तातली साखर ६४२ निघाली. कीटोन भरपूर, रक्ताचा पीएच ७.०८. तो साधारण ७.४ असतो, म्हणजे रक्त धोकादायक आम्ल झाले होते. याला डायबेटिक कीटोअॅसिडोसिस म्हणतात. इन्सुलिन जवळजवळ नसेल तर पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून ही आम्ले साठतात. तो खोल श्वास म्हणजे आम्ल बाहेर टाकण्याची शरीराची धडपड होती.

पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी फक्त ७.२ होती. जुना, दुर्लक्षित मधुमेह असता तर ती दहा-बाराच्या घरात सापडली असती. तिसऱ्या डोसच्या आदल्या दिवशी उपाशीपोटीची साखर १०४ होती. म्हणजे सगळा उत्पात जेमतेम दोन आठवड्यांतला. एचबीएवनसी तांबड्या पेशींवर जमलेली साखर मोजते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. इतक्या थोड्या दिवसांची उसळी तिच्यात पुरती उमटतच नाही. केमोमुळे रक्तक्षय झाला असेल किंवा रक्त चढवले असेल तर हा आकडा आणखी फसवा ठरतो. निकाल दिला तो सी-पेप्टाइड या चाचणीने. स्वादुपिंड इन्सुलिन बनवते तेव्हा सोबत हा तुकडाही सुटतो. गुरुजींच्या रक्तात तो जवळपास नव्हताच. त्यांचे स्वादुपिंड इन्सुलिन बनवायचे थांबले होते.

हे केले पेम्ब्रोलिझुमॅबने, आणि तेही आपले नेमून दिलेले काम करताना. आपल्या टी पेशी शत्रू ओळखून मारतात. त्या मोकाट सुटू नयेत म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. या प्रकारच्या ब्रेकवरच्या कामासाठी त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स अॅलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले. कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून हा ब्रेक दाबतात आणि बचावतात. औषध ब्रेक दाबू देत नाही, आणि टी पेशी कर्करोगावर तुटून पडतात.

अडचण अशी की पीडी-एल१ ही फक्त कर्करोगाची ढाल नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीही हल्ला झाला की तीच ढाल उचलतात. काही माणसांत बीटा पेशींवर डोळा असलेल्या टी पेशी असतात, पण ब्रेकमुळे त्या आयुष्यभर गप्प राहतात. औषधाने ब्रेक निघाला की त्या जाग्या होतात. मधुमेहाकडे कल असलेल्या उंदरांमध्ये हा मार्ग अडवला की मधुमेह झपाट्याने येतो, हे २००३ मध्येच प्रयोगशाळेत दिसले होते. माणसांमधली पाच रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली.

हा परिणाम विरळा आहे. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या रुग्णालयांनी २०१८ मध्ये २,९६० रुग्णांचा आढावा घेतला, त्यांत २७ जणांना असा मधुमेह झाला. म्हणजे शंभरात एकाहून थोडे कमी. पण त्या २७ पैकी निम्म्याहून अधिक जण कीटोअॅसिडोसिसच्या अवस्थेतच सापडले. नेहमीच्या टाइप १ मधुमेहात दिसणारी प्रतिपिंडे मात्र त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्क्यांतच आढळली. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे इम्युनोथेरपी निर्दोष सुटली असे होत नाही. वेळेचाही भरवसा नाही. बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत, पण कधी पहिल्याच डोसनंतर, तर कधी वर्ष उलटल्यावर. औषध शरीरात बराच काळ टिकत असल्याने उपचार थांबल्यानंतरही तो उद्भवू शकतो.

गुरुजींना अतिदक्षता विभागात सलाईन, शिरेतून इन्सुलिन आणि पोटॅशियम दिले गेले. दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर बोलू लागले. इम्युनोथेरपीमुळे आतड्याला किंवा यकृताला सूज आली तर मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देऊन ती आटोक्यात आणतात. इथे तो उपाय चालत नाही. बीटा पेशी सुजलेल्या नसतात, मेलेल्या असतात. स्टिरॉइडने त्या परत येत नाहीत, साखर मात्र आणखी चढते. मधुमेहाच्या गोळ्याही कामाच्या नाहीत. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर कीटोअॅसिडोसिस वाढवू शकतात. उरते ते इन्सुलिन: रात्री एकदा दीर्घकाळ चालणारे, आणि प्रत्येक जेवणाआधी एकदा. हे बहुतेक सर्वांसाठी आयुष्यभराचे असते.

घरच्यांची मोठी भीती होती की आता कर्करोगाचे औषध बंद होणार. तसे करावे लागत नाही. साखर काबूत आली की इम्युनोथेरपी पुन्हा देता येते, आणि थांबवल्याने मधुमेह जातही नाही. गुरुजींचा चौथा डोस तीन आठवडे उशिरा झाला. त्याआधी थायरॉइड आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासले गेले, कारण हीच औषधे त्या ग्रंथींनाही इजा करू शकतात.

महाराष्ट्रात ही माहिती मोठ्या शहरांपुरती ठेवून चालणार नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मान भागाच्या कर्करोगावर निवोलुमॅब हे याच जातीचे औषध केवळ २० मिलिग्रॅम मात्रेत वापरून पाहिले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. एक वर्ष जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीची मात्रा याच्या दहा पटींहून अधिक असते, म्हणून खर्च खूप खाली आला. त्यामुळे इम्युनोथेरपी घेऊन आपल्या गावी परतणारे रुग्ण वाढतील आणि रात्री-अपरात्री त्यांना पहिल्यांदा तपासणारा डॉक्टर तालुक्याच्या गावचा असेल.

म्हणून रुग्णाने आणि घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. इम्युनोथेरपीच्या प्रत्येक डोसआधी रक्तातली साखर तपासली गेली का, हे विचारावे. आणि औषधाचे नाव व शेवटच्या डोसची तारीख एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवावा. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप किंवा ग्लानी यांपैकी काही सुरू झाले की तो कागद जवळच्या डॉक्टरांपुढे ठेवावा आणि साखर व कीटोन लगेच तपासायला सांगावे, मग शेवटचा डोस काल झालेला असो वा सहा महिन्यांपूर्वी. गुरुजींच्या घरी हीच तपासणी दहाव्या दिवशी झाली असती, तर बारावा दिवस अतिदक्षता विभागात उजाडला नसता.