पासकी, पासवर्ड आणि हरवलेला फोन

पासवर्ड हे दोन ठिकाणी राहणारे गुपित आहे. एक ठिकाण म्हणजे वापरणाऱ्याची आठवण किंवा वही, दुसरे म्हणजे खाते जिच्याकडे आहे त्या कंपनीचा सर्व्हर. फेसबुकवर लॉगिन करताना टाइप केलेला पासवर्ड दर वेळी इंटरनेटवरून कंपनीपर्यंत जातो आणि तिथे पडताळला जातो. जबाबदार कंपन्या तो जसाच्या तसा साठवत नाहीत. गणिती प्रक्रियेने त्याचे उलगडायला अवघड असे रूप, म्हणजे ‘हॅश’, करून ठेवतात. पण हे कामही कच्चे राहू शकते. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून चोरीला गेलेले हॅश अशाच कमकुवत पद्धतीने केलेले होते. सुरुवातीला सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आल्याचे दिसले. २०१६ मध्ये त्याच चोरीतल्या सुमारे ११ कोटी ७० लाख खात्यांचा माल विक्रीला आला. ज्यांनी तोच पासवर्ड ईमेललाही ठेवला होता, त्यांचे ईमेलही त्यामुळे धोक्यात आले.

पासकीत कंपनीकडे चोरण्याजोगे गुपितच ठेवलेले नसते. फेसबुकने ही सोय मोबाइलवर आणत असल्याचे जून २०२५ मध्ये जाहीर केले. सेटिंग्जमधल्या Accounts Center मध्ये पासकी तयार करायला सांगितले की फोन दोन जुळ्या किल्ल्या बनवतो. त्यातली खासगी किल्ली वापरणाऱ्याकडेच राहते आणि सार्वजनिक किल्ली फेसबुककडे जाते. पुढे लॉगिन करताना फेसबुकचा सर्व्हर एक नवा, पूर्वी कधीही न वापरलेला आकडा पाठवतो. फोन बोटाचा ठसा, चेहरा किंवा स्क्रीन लॉकचा पिन मागतो, तो जुळला की खासगी किल्लीने त्या आकड्यावर सही करतो आणि फक्त सही परत पाठवतो. फेसबुक सार्वजनिक किल्लीने ती तपासते. बँकेत सहीचा नमुना ठेवतात तसेच हे, फक्त या नमुन्यावरून कोणालाही सही गिरवता येत नाही. ठसा कंपनीकडे जाईल अशी भीती अनेकांना वाटते. तो फोनबाहेर जातच नाही, फोनपुरता ‘हीच व्यक्ती आहे’ एवढीच खात्री करतो.

फसवणुकीच्या दृष्टीने याहून मोठा फरक पत्त्याचा आहे. पासकी तयार होतानाच facebook.com या पत्त्याशी बांधली जाते. ‘तुमचे खाते बंद होणार आहे’ असा संदेश येतो, त्यातली लिंक उघडते, पान हुबेहूब फेसबुकसारखे असते, पत्त्यात मात्र एखादे अक्षर जास्त असते. घाईत माणसाची नजर चुकते आणि तो पासवर्ड टाइप करतो, पाठोपाठ आलेला ओटीपीही देऊन बसतो. भामटा तो ओटीपी त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरतो. पासकीच्या बाबतीत पत्ता माणूस तपासत नाही, ब्राउझर तपासतो. पत्ता जुळला नाही की त्या पानासाठी ती पासकी पुढेच येत नाही. म्हणून नेहमी पासकीने उघडणारे खाते अचानक पासवर्ड मागू लागले, तर काही टाइप करण्याआधी पत्ता वाचावा.

एक मर्यादा मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. पासकी तयार केल्याने फेसबुकचा जुना पासवर्ड रद्द होत नाही. त्यानेही लॉगिन करता येते. तो पासवर्ड दुबळा असेल किंवा इतरत्र वापरलेला असेल, तर चोराला तोच मार्ग मोकळा राहतो. म्हणून पासकी केल्यावर पासवर्डही लांब आणि फक्त त्याच खात्यापुरता ठेवावा, आणि टू-स्टेप पडताळणी चालू ठेवावी.

आता फोन हरवला तर काय? समजा, पुण्यात बसमधून उतरताना एखाद्याचा अँड्रॉइड फोन गेला. फेसबुकची पासकी त्यातच होती. पासकी अँड्रॉइडवर सहसा गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि आयफोनवर आयक्लाउड कीचेनमध्ये साठते. दोन्हीकडे तिची प्रत अशी कुलूपबंद करून ठेवलेली असते की ती गूगल किंवा अ‍ॅपललाही वाचता येत नाही. त्यामुळे फोन गेला म्हणून पासकी गेली असे होत नाही. नव्या फोनवर त्याच गूगल खात्याने आत गेल्यावर जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा पासवर्ड मॅनेजरचा पिन विचारला जातो. तो बरोबर दिला की पासक्या परत मिळतात. इथे बोटाचा ठसा कामाला येत नाही, पिन किंवा पॅटर्नच आठवावा लागतो. चुकण्याची मुभाही मोजकी असते: आयक्लाउड कीचेनची साठवलेली प्रत दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर कायमची नष्ट होते. पासकी वेगळ्या यूएसबी सिक्युरिटी कीवर केलेली असेल, तर तिची प्रत कुठेच नसते.

खरी अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर येते. गूगल खात्यात शिरताना ओटीपी मागितला जातो आणि तो हरवलेल्या सिमवर जातो. डुप्लिकेट सिम मिळते, पण भारतात बदललेले सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. ही सोय सिम चोरून फसवणूक करणाऱ्यांविरुद्ध आहे, पण खरा मालकही तेवढा वेळ थांबतो. यावर उपाय फोन हातात असतानाच करायचा असतो. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक कोड आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून घरी ठेवले, तर सिमची वाट पाहावी लागत नाही. घरातल्या टॅब्लेटवर किंवा लॅपटॉपवर तेच खाते आधीपासून उघडे असले तरी काम भागते.

फोन ज्याच्या हाती पडला त्याला काय करता येते, हा प्रश्न वेगळा आहे. स्क्रीन लॉक ठाऊक नसेल, तर पासकी त्याच्या उपयोगाची नाही. पण फोन उघडा असतानाच हिसकावला असेल, तर फेसबुक अ‍ॅप आधीच लॉगिन असते आणि त्याला पासकीची गरजच पडत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाच्या फोनवरून आधी android.com/find उघडून फोन दूरूनच लॉक करावा. आयफोन असेल तर icloud.com/find वर. मग सिम बंद करायला कंपनीला कळवावे. त्यानंतर फेसबुकमध्ये Password and security मधली Where you're logged in ही यादी उघडून हरवलेल्या फोनवरचे लॉगिन बंद करावे. पोलिसांत तक्रार नोंदवून तिच्या प्रतीसह ceir.gov.in वर अर्ज केला, तर फोनचा आयएमईआय देशभरातल्या नेटवर्कवर अडवला जातो.

पिन टाकताना कोणी मागून पाहिल्याची शंका असेल, तर मात्र पासकीही धोक्यात आहे, कारण ठशाऐवजी पिननेही ती चालते. अशा वेळी फेसबुकच्या सेटिंग्जमधून ती काढून टाकावी. त्याबरोबर सर्व्हरवरची सार्वजनिक किल्ली पुसली जाते आणि चोराच्या फोनमधल्या खासगी किल्लीला जुळणारे काही उरत नाही. नव्या फोनवर उतरलेली पासकी हीच असल्याने तीही त्या क्षणी निकामी होते. नवी पासकी तयार करायला एखादे मिनिट लागते. गूगल खात्याचा पासवर्डही त्याच वेळी बदलावा, कारण पासक्यांची प्रत त्या खात्यात असते.