पहिली दांडी आणि तिसावा दिवस

अमेरिकेतल्या तीन जिममध्ये साडेसात हजारांहून अधिक सभासद किती वेळा येतात, याचा हिशेब स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी मांडला. २००६ साली तो प्रसिद्ध झाला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी चार-सव्वाचार वेळाच येत होते. एकेक फेरी त्यांना सतरा डॉलरहून महाग पडत होती, आणि तिथेच दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर ती दहा डॉलरला पडली असती. शेवटची हजेरी आणि सभासदत्व रद्द करणे यांच्यात सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ गेलेला होता. माणूस मनाने कधीच बाहेर पडलेला, पैसे मात्र कापले जात होते.

भारतातल्या जिममालकाला किंवा व्यायामाचे ॲप चालवणाऱ्याला असा बसल्याजागी मिळणारा पैसा फारसा लाभत नाही. ऑटोपेने फी कापण्याआधी किमान चोवीस तास ग्राहकाला कळवले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे महिना भरत आला की मोबाइलवर संदेश येतो आणि माणूस मनाशी विचारतो, ‘आपण गेलो तरी किती वेळा?’ उत्तर ‘दोनदा’ असेल तर ऑटोपे तिथेच बंद होते. वर्षाची फी एकरकमी घेणाऱ्या जिमला ही गळती दिसतही नाही. ती थेट पुढच्या जानेवारीत दिसते.

म्हणून खरे काम पहिल्या चार आठवड्यांतले. त्यात नेमके काय उपयोगी पडते, याची मोठी चाचणी ‘२४ आवर फिटनेस’ या अमेरिकी साखळीच्या ६१ हजारांहून अधिक सभासदांवर झाली. केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांच्या पुढाकाराने तीस शास्त्रज्ञांनी चार-चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम आखले आणि २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत वरचढ ठरला तो एक साधा कार्यक्रम. ठरलेला दिवस चुकवल्यावर जो परत येईल, त्याला जेमतेम नऊ सेंट किमतीचे जादा गुण. एवढ्यावर आठवड्याच्या फेऱ्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्या. नऊ सेंटसाठी कोणी घाम गाळत नाही, हे उघड आहे. एक दांडी पडली म्हणजे सगळे संपले, असा समज त्याने मोडला असावा.

मात्र हे गुण द्यायचे तर दांडी कशाला म्हणायचे ते आधी ठरलेले हवे. बहुतेक जिम इथेच चुकतात. नोंदणीच्या वेळी वजन, उंची, डाएट चार्ट सगळे होते. कोणत्या वारी किती वाजता येणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

समजा, एका जिममध्ये महिन्याला चाळीस नवे सभासद येतात. त्यांतल्या एका बाईंनी सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा असे सांगितले. पहिल्या सोमवारी ट्रेनरने हलकाच व्यायाम द्यायचा. उत्साहात भरपूर स्क्वॅट्स मारायला लावले तर एक ते तीन दिवस मांड्या इतक्या ठणकतात की जिना उतरवत नाही, आणि बुधवारची दांडी ट्रेनरनेच पाडलेली असते. त्या बुधवारी आल्या नाहीत, तर संध्याकाळपर्यंत ट्रेनरचाच फोन जायला हवा: “ताई, शुक्रवारी साडेसहाला पाठीचा व्यायाम घेऊ, येताय ना?” ‘आम्हाला तुमची आठवण येते’ छापाचा घाऊक संदेश, तोही तीन आठवड्यांनी, कोणी उघडून बघत नाही.

फोनाचा उपयोग होतो का, हे पाहायला पावतीचा सम-विषम क्रमांक पुरतो. सम क्रमांकाच्या वीस जणांना दांडीच्या दिवशी फोन करायचा, विषम क्रमांकाच्या वीस जणांचे चालले आहे तसे चालू द्यायचे. मग दोन्हींकडची तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातली हजेरी मोजायची आणि दुसऱ्या महिन्याची फी किती जणांनी भरली ते पाहायचे. नुसते ‘नियमित येणारे टिकतात’ एवढे पाहून भागत नाही, कारण ते मुळातच हौशी असू शकतात. शिवाय विसांत एक-दोघांचा फरक योगायोगानेही पडतो, तेव्हा चार-सहा महिन्यांचे आकडे साठल्याशिवाय निकाल लावू नये.

‘नेचर’मधल्या त्या चाचणीत एक कडू आकडाही आहे. चार आठवड्यांचा कार्यक्रम थांबल्यावर त्याचा मागमूस जेमतेम आठ टक्के कार्यक्रमांतच उरला. म्हणजे तिसाव्या दिवशी फी आली म्हणून ट्रेनरने फोन खाली ठेवला, तर त्या बाई साठाव्या दिवशी जातील. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक दांडीला फोन परवडत नाही. पण लागोपाठ दोन दांड्या पडल्या की तो करावा लागतो, आणि तेवढा वेळ ट्रेनरच्या कामाच्या तासांत आधीच धरावा लागतो.