मोरचूद किती शुद्ध? तांबे सांगेल

द्राक्षबागेत बुरशीविरुद्ध फवारायचे एक टक्का बोर्डो मिश्रण करायला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. या मापात मोरचूद शुद्ध आहे असे गृहीत धरलेले असते. ते ८० टक्केच शुद्ध असेल, तर बागेवर ८०० ग्रॅमचाच परिणाम पोचतो आणि चुनाही प्रमाणापेक्षा जास्त होतो. मोरचुदात हिराकस मिसळलेले असेल, तर ते नुसत्या नजरेने हमखास ओळखू येईलच असे नाही. दोन्ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे गाळूनही वेगळे होत नाहीत.

अशा वेळी नमुन्यातले मोरचूद थेट मोजण्याऐवजी त्याच्यापासून रासायनिक क्रियेने दुसरा पदार्थ बनवायचा, त्याचे वजन करायचे आणि त्यावरून मागे जाऊन मूळ मोरचूद किती होते ते काढायचे. हे जमते, कारण ठरावीक मोरचुदापासून ठरावीकच पदार्थ बनतो.

मोरचूद म्हणजे पाच रेणू पाणी धरून ठेवणारे कॉपर सल्फेट. त्याचा रेणुभार २४९.७ आणि तांब्याचा अणुभार ६३.५. मोरचुदाच्या प्रत्येक रेणूत तांब्याचा एकच अणू असतो, म्हणून २४९.७ ग्रॅम शुद्ध मोरचुदातून ६३.५ ग्रॅम तांबे मिळते. हे तांबे बाहेर काढायला जस्त वापरतात. जस्त तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने स्वतः द्रावणात जाते आणि तांब्याला बाहेर ढकलते.

समजा, ५ ग्रॅम नमुना पाण्यात विरघळवला, त्यात थोडे सौम्य गंधकाम्ल घातले आणि जस्ताची भुकटी हळूहळू टाकली. निळा रंग फिकट होत नाहीसा होतो आणि तळाशी लालसर तपकिरी चुरा बसतो. उरलेले जस्त आम्लात विरघळते आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, म्हणून जवळ ज्योत नको. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, मग चुरा गाळून, धुऊन, वाळवून तोलायचा.

वजन भरले १.०१७ ग्रॅम. याला ६३.५ ने भागले की तांब्याचे ०.०१६०२ मोल मिळतात, म्हणजे मोरचुदाचेही तितकेच मोल. त्याला २४९.७ ने गुणले की ४ ग्रॅम. ५ ग्रॅममध्ये ४ ग्रॅम, म्हणून शुद्धता ८० टक्के. गणित एवढेच. खरी कसोटी आहे ती कोणता पदार्थ बनवायचा हे ठरवण्यात.

याच नमुन्यात बेरियम क्लोराइड घालून बेरियम सल्फेटचा पांढरा साका मिळवता येतो. मोरचुदाच्या एका रेणूमागे त्याचाही एकच रेणू बनतो आणि त्याचा रेणुभार २३३.४ आहे. पण उरलेला १ ग्रॅम हिराकस असेल तर? तेही सल्फेटच, म्हणजे लोहाचे. त्याच्यातूनही साका पडतो आणि एकूण वजन ४.५८ ग्रॅम भरते. सगळा साका मोरचुदाचाच समजून गणित केले, तर मोरचूद ४.९ ग्रॅम येते आणि शुद्धता ९८ टक्के! तोलण्यात चूक नाही, गुणाकारात चूक नाही, तरी उत्तर १८ टक्क्यांनी फसवे. तांब्याच्या पद्धतीत हे होत नाही. आम्लात लोह धातूच्या रूपात टिकत नाही, ते द्रावणातच राहते. भेसळ जो पदार्थ देऊ शकत नाही, तोच मोजायला निवडायचा.

मात्र तांब्याची स्वतःची अडचण आहे. ते हलके असते. १ ग्रॅम तांब्यामागे जवळपास ४ ग्रॅम मोरचूद मोजले जाते, त्यामुळे तांब्याच्या वजनातली चूकही चौपट होते. चुरा नीट वाळला नाही आणि ०.०५ ग्रॅम ओल राहिली, तर शुद्धता ८० ऐवजी ८४ टक्के दिसते. घाईने जास्त तापवला, तर तांबे हवेतला ऑक्सिजन घेऊन काळवंडते आणि वजन पुन्हा वाढते. म्हणून पाण्याने धुतल्यावर स्पिरिटने धुऊन बेताच्या उष्णतेवर वाळवायचे आणि दोन वजने सारखी येईपर्यंत तोलत राहायचे. उलट तांबे द्रावणात उरले, तर शुद्धता कमी दिसते. ते ओळखण्यासाठी गाळलेल्या द्रावणाचा थोडा भाग घेऊन त्यात भरपूर अमोनिया घालतात. गडद निळा रंग आला तर तांबे शिल्लक आहे.

कधीकधी उत्तर शंभरच्या वर जाते. ओल किंवा न विरघळलेले जस्त हे त्याचे एक कारण. पण मोरचूद गरम होऊन त्यातले पाणी उडाले असले, तरी असेच घडते. पूर्ण कोरड्या, पांढऱ्या कॉपर सल्फेटचा रेणुभार १५९.६ असतो. त्याला पाच पाण्यांचे मोरचूद समजून गणित केले, तर शुद्धता १५६ टक्के निघते. म्हणून टक्केवारीसोबत ती पाण्यासकट मोरचुदाची आहे की कोरड्या कॉपर सल्फेटची, हे लिहावेच लागते.